कमी कामाचा पोर्टफोलिओ : तांत्रिक लेखकाने नमुना कसा घडवावा

पुण्यातील एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीत पाच वर्षे तांत्रिक लेखन केलेली व्यक्ती जोडीदाराच्या नोकरीनिमित्त न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये येते. नव्या देशात अर्ज करताना पहिल्याच टप्प्यावर तिच्यापुढे प्रश्न येतो : कामाचे नमुने पाठवा. काम तर भरपूर झालेले असते, पण दाखवण्याजोगे हाताशी काहीच नसते. लिहिलेली सर्व माहितीपत्रके कंपनीच्या अंतर्गत व्यवस्थेत राहिलेली असतात आणि रुजू होताना सही केलेला गोपनीयतेचा करार अजून लागू असतो. नव्याने या व्यवसायात येणाऱ्याची अडचण वरवर वेगळी दिसते, पण तिचा परिणाम तोच असतो. त्याला पैसे देऊन काम सांगणारे अजून कोणी भेटलेले नसते.

या दोघांनाही उपयोगी पडतो तो स्वतःहून तयार केलेला नमुना. असा नमुना नेमका कसा घडतो, तो कुठे फसतो आणि वाचणाऱ्याला त्यातून काय दिसावे लागते, हे पुढे एका उदाहरणाच्या आधारे पाहिले आहे. उदाहरण तांत्रिक लेखनाचे आहे. डिझायनरसाठी जिथे वाट वेगळी होते, तो भाग शेवटी घेतला आहे.

जुन्या कामाचे काय करावे

नोकरीत केलेल्या लेखनाची मालकी बहुधा लेखकाची नसते. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर नोकरीच्या ओघात निर्माण झालेल्या साहित्याचा पहिला मालक नियोक्ता असतो. ब्रिटन आणि अमेरिका यांच्या कायद्यांचा रोखही तसाच आहे. त्यामुळे जुन्या संगणकावर राहिलेली पीडीएफ ‘माझीच तर आहे’ म्हणून पाठवणे धोक्याचे ठरते. त्यात आणखी एक गोष्ट सहज नजरेआड होते. निवड करणारी व्यक्ती स्वतः एका कंपनीची गुपिते सांभाळत असते. दुसऱ्याची गुपिते इतक्या सैलपणे हाताळणारा उमेदवार आपल्याकडे काय करील, हा विचार तिच्या मनात आल्याशिवाय राहत नाही.

बोधचिन्ह आणि कंपनीचे नाव पुसून टाकले म्हणजे मजकूर निनावी झाला, हाही एक समज आहे. पडद्याच्या चित्रांमधील मेनूंची नावे, आवृत्तीचे क्रमांक, त्रुटीसंदेशांची विशिष्ट शब्दरचना यांवरून त्या क्षेत्रातील माणूस उत्पादन क्षणात ओळखतो. जुन्या काळातील काम सर्वांसाठी खुले असेल, म्हणजे कंपनीच्या मदतपानांवर कोणालाही वाचता येत असेल, तर त्याची प्रत न करता दुवा द्यावा आणि त्यातील कोणता भाग आपला हे स्पष्ट लिहावे. मात्र अशी पाने बदलत राहतात. वर्षभराने त्याच दुव्यावर दुसऱ्याचेच लेखन असू शकते. म्हणून आपण लिहिलेली आवृत्ती वेबॅक मशीनमध्ये जतन झाली आहे का, हे आधीच पाहून ठेवणे चांगले. बाकी सर्व कामाबद्दल फक्त वर्णन करता येते : कोणत्या वाचकासाठी, कोणत्या अडचणीवर, किती जणांच्या गटात. तेवढ्याने अनुभव सांगता येतो, पण कौशल्य दिसत नाही. ते दिसण्यासाठी नवा नमुनाच लागतो.

विषयाची निवड

बहुतेक कमकुवत नमुने लेखन सुरू होण्यापूर्वीच कमकुवत झालेले असतात, कारण विषयच काल्पनिक असतो. अस्तित्वात नसलेल्या उत्पादनाची मार्गदर्शिका लिहिताना लेखकाला कुठेच अडायला होत नाही. जे सोयीचे तेच उत्पादन करते, जे सांगितले तेच बटण तिथे असते. तांत्रिक लेखकाचे खरे काम वस्तू आणि वाचक यांच्यातील न जुळणाऱ्या जागा शोधण्याचे असल्याने अशा नमुन्यात त्या कामाला वावच उरत नाही. दुसऱ्या टोकाला चहा कसा करावा, टायर कसा बदलावा यांसारखे विषय येतात. वर्गातील सरावासाठी ते ठीक आहेत, पण सॉफ्टवेअर क्षेत्रातील नोकरीसाठी ते काहीच सिद्ध करत नाहीत.

चांगला विषय ओळखण्याच्या तीन खुणा आहेत. वस्तू खरी असावी आणि कोणालाही विनापरवाना तपासून पाहता यावी. तिचा एखादा विशिष्ट उपयोग करताना माणसे खरोखर चुकत असावीत. आणि ती चूक लेखनाने टाळता येण्याजोगी असावी. प्रोग्रामरसाठी लिहिणाऱ्याला यासाठी खुल्या एपीआय सोयीच्या पडतात. पुढील उदाहरणात ओपन-मेटिओ ही हवामानाची सेवा घेतली आहे. अव्यावसायिक वापरासाठी ती मोफत आहे, तिच्यासाठी नोंदणी किंवा किल्ली लागत नाही आणि तिची माहिती स्रोताच्या उल्लेखासह वापरता येते. किल्ली न लागणे ही गोष्ट लहान नाही. नमुना वाचणाऱ्याला तो तिथल्या तिथे ब्राउझरमध्ये पडताळून पाहता येतो.

उदाहरण : कार्यक्रमाच्या वेळी पाऊस आहे का?

समजा, लेखिकेने ठरवले की ‘ओपन-मेटिओची ओळख’ असे काही लिहायचे नाही. त्याऐवजी एकच काम निवडायचे : न्यूयॉर्कमध्ये उद्या संध्याकाळी ५ ते ८ या वेळेत मैदानी कार्यक्रम आहे, त्या तीन तासांत किती पाऊस अपेक्षित आहे हे ॲपने दाखवायचे. वाचक म्हणजे वर्षभराचा अनुभव असलेला प्रोग्रामर. त्याला एपीआय वापरता येते, हवामानशास्त्र येत नाही. त्याला लागणारी विनंती एवढीच आहे :

```
https://api.open-meteo.com/v1/forecast?latitude=40.71&longitude=-74.01&hourly=precipitation&forecast_days=3&timezone=America/New_York
```

उत्तरात दोन समांतर याद्या येतात, `time` आणि `precipitation`. पहिल्या यादीतील दहाव्या वेळेचे मूल्य दुसऱ्या यादीत दहाव्या जागी असते. कच्च्या खर्ड्यात लेखिका येथेच थांबते. विनंती दिली, उत्तराचा नमुना दिला, प्रत्येक घटकाचे एका ओळीत वर्णन दिले. मजकूर नीटनेटका, व्याकरणशुद्ध आणि अचूक असतो. तरीही सेवेच्या मूळ मदतपानात नसलेले असे त्यात काहीच नसते. निवड करणाऱ्याला लेखिकेची भाषा दिसते, तिचा निर्णय दिसत नाही.

निर्णय दिसतो तो वाचक कुठे घसरणार हे हेरण्यात. या छोट्या विनंतीत अशा तीन जागा आहेत आणि तिन्हींचे वैशिष्ट्य असे की, त्यांत चूक केली तरी सेवा कोणताही त्रुटीसंदेश देत नाही.

पहिली जागा वेळेची. `timezone` दिला नाही, तर सर्व वेळा जीएमटीमध्ये येतात. सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्क जीएमटीच्या चार तास मागे असते, त्यामुळे तिथल्या संध्याकाळी ६ची नोंद यादीत २२:०० म्हणून येते आणि रात्री ८ची नोंद तर दुसऱ्या दिवसाच्या ००:०० वर जाते. प्रोग्रामर १८:०० ची नोंद वाचतो, त्याला आकडा मिळतो आणि तो प्रत्यक्षात दुपारी २ची नोंद पाहत असतो. हिवाळ्यात फरक पाच तासांचा होत असल्याने चार तास हाताने मिळवून काम भागवणारा उपायही नोव्हेंबरमध्ये मोडतो.

दुसरी जागा अधिक बेमालूम आहे. `precipitation` चा तासाचा आकडा त्या क्षणाचा नसून आधीच्या तासाभरातील एकूण पर्जन्याचा असतो. १८:०० समोरचा आकडा म्हणजे ५ ते ६ या वेळेतील पाऊस. म्हणून ५ ते ८च्या कार्यक्रमासाठी १८:००, १९:०० आणि २०:०० या नोंदी घ्यायच्या. १७:०० ची नोंद घेणारा माणूस कार्यक्रमाआधीचा पाऊस मोजतो आणि शेवटच्या तासाचा सोडून देतो. हे मूळ मदतपानात लिहिलेले आहे, पण घटकांच्या लांब तक्त्यात. काम उरकण्याच्या घाईतला वाचक त्या ओळीपर्यंत पोहोचत नाही.

तिसरी जागा रेखांशाच्या उणे चिन्हाची. ते राहिले तर विनंती न्यूयॉर्कऐवजी किर्गिझस्तानातील डोंगराळ भागाचे हवामान आणते, तेही अगदी व्यवस्थित स्वरूपात. भारतातील शहरांचे रेखांश धन असल्याने तिथून आलेल्या प्रोग्रामरकडून हे चिन्ह सुटण्याची शक्यता थोडी अधिकच.

याउलट `precipitation` चे स्पेलिंग चुकले, तर सेवा लगेच ४०० हा स्थितिक्रमांक परत करते आणि उत्तरातील `reason` मध्ये कारण सांगते. त्या चुकीवर लेखिकेने दोन वाक्यांपेक्षा अधिक जागा खर्च करू नये. बोलणारी चूक थोडक्यात आणि मुकी चूक सविस्तर, एवढी प्रमाणबद्धता नमुन्यात दिसली, तरी वाचणारा अनुभवी संपादक ती लगेच टिपतो.

यावरून दुसरा खर्डा आकार घेतो. सुरुवातीला दोन वाक्यांत काम आणि ते पूर्ण झाल्यावर काय हाती येईल ते. मग विनंती. तिच्या लगेच खाली, तक्त्यात किंवा तळटिपेत नव्हे, कोणत्या तीन नोंदी वाचायच्या आणि का. त्यानंतर पडताळणी : आलेल्या उत्तरात `timezone` पुढे `America/New_York` दिसते का, आणि `latitude`, `longitude` आपण दिलेल्या जागेच्या जवळपास आहेत का. हे अंक दिलेल्या अंकांशी तंतोतंत जुळत नाहीत, कारण सेवा जवळच्या जाळीबिंदूची माहिती देते. हेही सांगावे लागते, नाही तर सावध वाचक विनाकारण थबकतो. सर्व मिळून मजकूर सहाशे ते आठशे शब्दांत बसतो. त्याहून मोठा नमुना क्वचितच शेवटपर्यंत वाचला जातो.

तीन वाचक

पैसे देणारा ग्राहक नसला, तरी वाचक मिळवता येतो, आणि स्वतःहून केलेल्या नमुन्याला वजन येते ते त्यामुळेच. लेखिकेने मजकूर तीन प्रोग्रामरना द्यावा आणि ‘कसे वाटले?’ असे मुळीच विचारू नये. ओळखीचा माणूस ‘छान आहे’ म्हणतो आणि विषय संपतो. त्याऐवजी त्यांना काम द्यावे : हे वाचून उद्याच्या ५ ते ८ मधील पावसाचा एकूण आकडा काढा. शेजारी बसून किंवा व्हिडिओ कॉलवर पडदा पाहत त्यांचे निरीक्षण करावे आणि मध्ये बोलू नये. शांत राहणे हाच यातला सर्वांत कठीण भाग असतो.

समजा, तिघांपैकी दोघांनी १७:००, १८:०० आणि १९:०० यांची बेरीज केली. म्हणजे ‘आधीच्या तासाची बेरीज’ हे वाक्य त्यांनी वाचले, पण ते कृतीत उतरले नाही. येथे वाक्य ठळक करून किंवा त्यामागे इशाऱ्याचे चिन्ह लावून भागत नाही. लेखिका वाक्यच बदलते : ‘५ ते ८ साठी १८:००, १९:०० आणि २०:०० वाचा. १८:०० समोरचा आकडा ५ ते ६ मधील पावसाचा आहे.’ आधी कृती आली, मग कारण आले. त्यानंतर चौथ्या वाचकाला बदललेला मजकूर द्यावा. पहिल्या तिघांना आता उत्तर ठाऊक झालेले असल्याने त्यांची दुसरी चाचणी निरुपयोगी असते.

हा बदल नीट नोंदवून ठेवावा, कारण मुलाखतीत विचारण्याजोगी गोष्ट तीच आहे. आपल्या मजकुरातील चूक कशी कळली आणि तिचे काय केले, या प्रश्नाला अनेक वर्षे नोकरी केलेल्यांनाही चटकन उत्तर देता येत नाही.

सोबतची टीप

प्रत्येक नमुन्याबरोबर दीडशे शब्दांच्या आतली एक टीप असावी. तिच्यात वाचक कोण, काम कोणते, कोणता निर्णय घेतला, चाचणीनंतर काय बदलले, कोणती लेखनशैली पाळली हे यावे. शैलीसाठी गूगलची विकसकांसाठीची किंवा मायक्रोसॉफ्टची शैलीपुस्तिका सर्वांना खुली आहे. त्यांपैकी एक निवडून ती काटेकोरपणे पाळली, तर नव्या कंपनीच्या नियमांत बसण्याची तयारी आपोआप दिसते.

टीपेतील सर्वांत महत्त्वाचे वाक्य मात्र प्रामाणिकपणाचे आहे : ‘हा नमुना स्वयंप्रेरणेने तयार केला आहे. ओपन-मेटिओशी लेखिकेचा संबंध नाही.’ हे वाक्य वगळण्याचा मोह होतो, कारण एखाद्या सेवेच्या नावामुळे काम तिच्यासाठीच केले असावे असा समज होतो आणि तो सुखद असतो. मुलाखतीतील एका साध्या प्रश्नाने तो कोसळतो, आणि त्याबरोबर बाकीच्या नमुन्यांवरचा विश्वासही. कष्टाचा नमुना स्वयंप्रेरित म्हणून कमी मोलाचा ठरत नाही. दडवलेला मात्र ठरतो.

असे नमुने तीन पुरेत. एक वरीलप्रमाणे काम पूर्ण करवणारा, एक संदर्भासाठीचा तक्ता किंवा सूची, आणि एक संकल्पना समजावणारा. तिन्ही एकाच साच्याचे असतील, तर दुसरा आणि तिसरा काहीच नवे सांगत नाहीत. क्रम लावताना सर्वांत चांगला पहिला ठेवावा. शेवटासाठी राखून ठेवलेला उत्तम नमुना बहुतेक वेळा कोणी उघडतच नाही.

विनामूल्य कामाचा पेच

अनुभवासाठी फुकट काम करून द्यावे, असा सल्ला परदेशात सहज मिळतो. व्हिसावर राहणाऱ्यांनी तो तपासल्याशिवाय मानू नये. अमेरिकेत एच-४ व्हिसाधारकांपैकी काहींनाच कामाचा परवाना मिळतो. मे २०१५ पासून लागू झालेल्या नियमानुसार ते मुख्यतः असे आहेत, की ज्यांच्या एच-१बी धारक जोडीदाराचा आय-१४० अर्ज मंजूर झाला आहे. परवाना नसताना एखाद्या नफा कमावणाऱ्या कंपनीसाठी, जिथे एरवी पैसे देऊन माणूस ठेवला असता असे काम करणे, मोबदला न घेताही अनधिकृत नोकरी समजले जाऊ शकते. धर्मादाय संस्थेतील खरीखुरी स्वयंसेवा वेगळी मानली जाते. ब्रिटनमध्येही विद्यार्थी व्हिसावर स्वयंसेवा आणि बिनपगारी नोकरी यांत फरक केला जातो, आणि दुसरीचे तास कामाच्या साप्ताहिक मर्यादेत धरले जातात.

स्वतःच्या अभ्यासासाठी, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, तयार केलेला नमुना या वादात सहसा सापडत नाही, कारण त्यात नियोक्ताच नसतो. वर सुचवलेल्या पद्धतीचा हा एक मोठा व्यावहारिक लाभ आहे. एखाद्या संस्थेचे काम घ्यायचे झाल्यास मात्र ते सुरू करण्यापूर्वी इमिग्रेशन वकिलाला विचारावे, नंतर नव्हे.

डिझायनरची वाट कुठे वेगळी

डिझायनरचा ठरलेला सापळा म्हणजे प्रसिद्ध ॲपची स्वतःहून केलेली नवी मांडणी. चित्र देखणे होते, पण जुनी मांडणी तशी का होती याची कारणे बाहेरच्याला ठाऊक नसतात. ज्याने ती जागा आतून पाहिली आहे, त्याला हा नमुना पोरकट वाटतो. त्यापेक्षा ज्याच्या अडचणी डिझायनरला पूर्ण समजतात अशी लहान वस्तू घ्यावी. मराठी डिझायनरकडे अशी एक वस्तू हाताशी असते : देवनागरी आणि रोमन अशा दोन लिप्यांतील भित्तिपत्रक किंवा वेबपान.

यातले निर्णय खरे असतात. देवनागरीत शिरोरेषेच्या वर मात्रा, अनुस्वार आणि रफार येतात, खाली उकार येतात. रोमन मजकुराला शोभणारे ओळींमधले अंतर तसेच ठेवले, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो. ल आणि श यांची मराठीत रूढ असलेली वळणे हिंदीतील वळणांहून वेगळी आहेत. ज्या फॉन्टमध्ये दोन्हींची सोय आहे, तिथे वेबपानाला `lang="mr"` लावल्यावरच मराठी वळण उमटते. ‘दुसऱ्या’ या शब्दातील ऱ्य जोडाक्षर तुटते का, हेही छपाईपूर्वी पाहावे लागते. आधीची आणि नंतरची मांडणी शेजारी ठेवून कोणता बदल कशासाठी केला हे प्रत्येकी एका ओळीत लिहिले, तर देवनागरी न वाचणाऱ्या कला-दिग्दर्शकालाही विचार कळतो. त्याला मजकूर समजावा म्हणून इंग्रजी भाषांतर सोबत द्यावे, आणि फॉन्टचा परवाना व नाव नमूद करावे.

लेखकाचा असो वा डिझायनरचा, संग्रह पीडीएफ आणि वेबपान अशा दोन्ही रूपांत ठेवावा, कारण अनेक कंपन्यांच्या अर्जात फाइलच जोडावी लागते आणि उरलेल्या फक्त दुवा घेतात. वेबपानासाठी गिटहब पेजेसची मोफत सोय पुरेशी आहे. दर तीन महिन्यांनी सर्व दुवे आणि विनंत्या स्वतः उघडून पाहाव्यात, आणि नमुन्याच्या शिरोभागी ‘शेवटची पडताळणी’ची तारीख बदलावी. बाहेरची सेवा कधीही बदलू शकते, आणि न चालणारी विनंती दाखवणारा तांत्रिक लेखनाचा नमुना नसलेल्या नमुन्याहून वाईट असतो.